बिल्डरचं भाडं की एकरकमी चेक? चक्रवाढ, डिस्काउंटिंग आणि अ‍ॅन्युइटी एकाच हिशेबातून

फायनान्सच्या पहिल्या सेमिस्टरला चक्रवाढ, वर्तमान मूल्य आणि अ‍ॅन्युइटी अशी तीन प्रकरणं वेगवेगळी शिकवली जातात. मुलं सूत्रं पाठ करतात आणि गणित समोर आलं की कुठलं सूत्र लावायचं इथेच अडतात. खरं तर सूत्र एकच आहे, बाकीची त्याची रूपं. मुंबईत ज्याच्या घरी रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे त्याला हे सगळं एकाच कागदावर भेटतं. म्हणून तोच कागद घेऊ.

समजा, मुलुंडला राहणाऱ्या तुमच्या मावशीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आहे. इमारत पाडल्यापासून नव्या घराचं पझेशन मिळेपर्यंत ३ वर्षं धरली आहेत. तोवर बाहेर राहायचं भाडं बिल्डर देणार: पहिल्या वर्षी महिना ४०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढवून ४४,०००, तिसऱ्या वर्षी ४८,४००. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीच्या तारखेचे पोस्ट-डेटेड चेक. शिवाय पझेशनच्या दिवशी १० लाख रुपये कॉर्पस. आणि खाली एक ओळ: ज्यांना दरमहा भाडं नको असेल, त्यांना भाड्याच्या बदल्यात आजच एकरकमी १४ लाख. मावशी विचारते, "तू फायनान्स शिकतोस ना, मग सांग, काय घेऊ?"

काका तोवर बेरीज करून मोकळे झालेले असतात. वर्षाला ४,८०,०००, ५,२८,००० आणि ५,८०,८०० मिळून १५,८८,८००. "सरळ दिसतंय, भाडंच घे." ही बेरीज चुकीची नाही, पण तिचा उपयोगही नाही. आज हातात येणारे ४०,००० आणि पस्तीस महिन्यांनी येणारे ४८,४०० या एका रांगेत मांडायच्या रकमा नव्हेत. आधी सगळ्यांना एका तारखेवर आणावं लागतं.

पहिली पायरी: रेघ ओढा, दर जुळवा

कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला 0 लिहा, म्हणजे आज. मग 1, 2, 3 करत 36 पर्यंत महिने. आता प्रत्येक रक्कम तिच्या जागेवर ठेवा. पहिला चेक महिन्याच्या सुरुवातीला म्हणजे 0 वर येतो, 1 वर नाही. शेवटचा, छत्तिसावा चेक 35 वर. कॉर्पस 36 वर. हे एवढं करायचा कंटाळा केला की पुढे सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं. परीक्षेत जाणारे बहुतेक मार्क इथेच जातात, गुणाकारात नाही.

मग दर. मावशीचे पैसे एरवी बँकेत मुदत ठेवीत पडून असतात आणि तिथे तिला वर्षाला ७.२ टक्के मिळतात असं धरू. रेघेवर महिने आहेत, म्हणून दरही महिन्याचा हवा: ७.२ भागिले १२, म्हणजे महिना ०.६ टक्के, दशांशात 0.006. नियम एवढाच की n, म्हणजे मुदत, महिन्यांत मोजली तर r, म्हणजे दर, महिन्याचा; n वर्षांत मोजली तर r वर्षाचा.

इथे एक बारकावा. आपल्याकडे बँका मुदत ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात. त्यामुळे ७.२ टक्क्यांचा खरा अर्थ दर तिमाहीला १.८ टक्के. तिमाहीऐवजी दरमहा व्याज मागितलं तर बँक लाखाला ६०० नाही, साधारण ५९६ रुपये देते, कारण ती तिमाहीचं व्याज थोडं आधी देते आणि तेवढ्यापुरतं डिस्काउंट करते. पासबुकात चार रुपये कमी दिसले म्हणून मॅनेजरशी भांडू नका. आपण गणित सोपं राहावं म्हणून ७.२ टक्के दरमहा चक्रवाढ, म्हणजे सरळ 0.006 धरू.

दुसरी पायरी: चक्रवाढ

पैसा रेघेवर उजवीकडे न्यायचा असेल तर प्रत्येक महिन्याला 1.006 ने गुणायचं. PV म्हणजे आजचं मूल्य, FV म्हणजे भावी मूल्य.

```
FV = PV × (1 + r)^n
```

उदाहरण: १ लाख रुपये ३ वर्षं. n = 36.

```
1.006^36 = 1.2403016
FV = 1,00,000 × 1.2403016 = 1,24,030
```

सरळव्याजाने हेच १,२१,६०० झाले असते. वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात धरलं तर १,२३,१९३, तिमाही धरलं तर १,२३,८७२. म्हणजे सरळव्याजाकडून चक्रवाढीकडे येताना दीडहजाराच्या वर फरक पडतो, पण तिमाहीवरून महिन्यावर आल्यावर जेमतेम १५८ रुपयांचा. तीन वर्षांच्या मुदतीत "व्याज किती वेळा धरतात" यापेक्षा "दर किती" हेच जास्त मोजतं.

साध्या कॅल्क्युलेटरवर छत्तिसावा घात काढायला छत्तीस वेळा गुणायची गरज नाही. 1.006 चा वर्ग करा, त्याला पुन्हा 1.006 ने गुणा, हा तिसरा घात. त्याचा वर्ग सहावा, सहाव्याचा वर्ग बारावा: 1.0744242. या बाराव्याला स्वतःनेच आणखी दोनदा गुणलं की छत्तिसावा. मधल्या पायरीत आकडे छाटू नका. 1.0744 वर थांबलात तर शेवटी रुपये इकडेतिकडे होतात आणि मग चूक सूत्रात आहे की आकड्यात हे कळत नाही.

तिसरी पायरी: डिस्काउंटिंग

उजवीकडून डावीकडे यायचं असेल तर गुणण्याऐवजी भागायचं. नवं काही नाही.

```
PV = FV / (1 + r)^n
```

कॉर्पसचे १० लाख ३६ महिन्यांनी मिळणार. आज त्यांची किंमत किती?

```
PV = 10,00,000 / 1.2403016 = 8,06,256
```

म्हणजे बिल्डर आज ८,०६,२५६ रुपये देऊन मोकळा झाला असता तरी मावशीचं नुकसान नव्हतं, बँकेत ठेवून ते तीन वर्षांत १० लाख झाले असते.

आता मुंबईतला नेहमीचा प्रकार घ्या: पझेशन दोन वर्षं लांबलं. कॉर्पसचा आकडा करारात तोच राहतो, १० लाख. पण n आता 60 आहे.

```
1.006^60 = 1.4317884
PV = 10,00,000 / 1.4317884 = 6,98,427
```

एकही रुपया कमी न देता बिल्डरने आजच्या हिशेबात जवळपास १ लाख ८ हजार वाचवले. मीटिंगमध्ये कॉर्पस १० लाखाचा ११ लाख करण्यावर दोन तास वाद होतो आणि उशीर झाला तर त्यावर व्याज लागेल का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते प्रश्नांचा क्रम उलटा हवा. आणि कॉर्पस भाडं घेणाऱ्यालाही मिळतो, एकरकमी घेणाऱ्यालाही. त्यामुळे मावशीच्या निवडीतून तो आपण बाजूला ठेवू शकतो.

चौथी पायरी: अ‍ॅन्युइटी

भाड्याचे ३६ चेक एकेक करून डिस्काउंट करता येतील. उत्तर बरोबरच येईल, पण हात दुखतील. रकमा सारख्या आणि अंतर सारखं असेल तर त्या मालिकेला अ‍ॅन्युइटी म्हणतात आणि तिला छोटी वाट आहे. सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून येतं ते पाहा.

बँकेत १ लाख ठेवले. दरमहा ६०० रुपये व्याज काढून घेतलं, ३६ महिने, आणि शेवटी १ लाख परत घेतले. या सगळ्याची आजची किंमत किती? अर्थात १ लाख, कारण तेवढेच तुम्ही आज दिलेत. आता शेवटी परत मिळणाऱ्या १ लाखाची आजची किंमत वरच्याच भागाकाराने ८०,६२६ रुपये. मग उरलेले १९,३७४ रुपये ही त्या ३६ व्याजांची आजची किंमत असलीच पाहिजे. दरमहा ६०० ची किंमत १९,३७४, म्हणून दरमहा १ रुपयाची किंमत १९,३७४ भागिले ६००, म्हणजे ३२.२९. झालं सूत्र, यात C म्हणजे दरमहाची रक्कम:

```
PV = C × [1 − (1 + r)^(−n)] / r
```

चौकोनी कंसात १ मधून परत येणाऱ्या मुद्दलाची आजची किंमत वजा होते, आणि r ने भागणं म्हणजे "दरमहा ६०० ऐवजी दरमहा १" करणं. हे एकदा डोक्यात बसलं की परीक्षेत सूत्र विसरलं तरी दोन मिनिटांत परत बांधता येतं.

आधी भाडं न वाढता ३६ महिने ४०,०००च आहे असं धरून पाहू.

```
[1 − 0.8062555] / 0.006 = 32.29075
PV = 40,000 × 32.29075 = 12,91,630
```

थांबा. हे सूत्र धरून चालतं की पहिली रक्कम महिना संपल्यावर, म्हणजे रेघेवर 1 वर येते. बँकेचं व्याज तसंच आलं होतं. कर्जाचा हप्ताही तसाच असतो. पण घरभाडं आगाऊ असतं, पहिला चेक 0 वर. सगळीच्या सगळी मालिका एक महिना डावीकडे सरकलेली आहे, म्हणून पूर्ण उत्तराला एकदा 1.006 ने गुणायचं. याला अ‍ॅन्युइटी ड्यू म्हणतात.

```
PV = 12,91,630 × 1.006 = 12,99,380
```

फरक ७,७५० रुपये. प्रश्नात "महिन्याच्या सुरुवातीला", "आगाऊ" किंवा "आजपासून" असे शब्द दिसले की शेवटी हा गुणाकार. काहीच सांगितलं नसेल तर रक्कम काळाच्या शेवटी येते असं धरण्याची रीत आहे.

उत्तर पटण्यासारखं आहे का, हे तोंडी तपासता येतं. एकूण रक्कम १४.४ लाख. पहिला चेक लगेच, शेवटचा तीन वर्षांनी, म्हणजे सरासरी दीड वर्षाची वाट. दीड वर्षाचं व्याज सुमारे १०.८ टक्के. १४.४ भागिले १.१०८ म्हणजे सुमारे १३ लाख. आपल्या उत्तराच्या अगदी जवळ. समजा तुम्ही गडबडीत n = 36 आणि r = 0.072 घातलंत, तर सूत्र मुकाट्याने ५.१ लाख असं उत्तर देतं. सूत्राला लाज नसते, तुम्हाला असायला हवी. तीन वर्षांत मिळणाऱ्या साडेचौदा लाखांची आजची किंमत पाच लाख कशी असेल?

हीच मालिका डावीकडे न आणता उजव्या टोकाला नेली की भावी मूल्य मिळतं. मावशी तीन वर्षं मुलाकडे राहिली आणि भाड्याचा प्रत्येक चेक बँकेत टाकत गेली, तर पझेशनच्या दिवशी तिच्याकडे किती असतील?

```
FV = C × [(1 + r)^n − 1] / r × (1 + r)
   = 40,000 × 40.05027 × 1.006 = 16,11,623
```

पुस्तकात हे वेगळं सूत्र म्हणून येतं. पण १२,९९,३८० ला सरळ 1.2403016 ने गुणलं तरी हेच उत्तर येतं. म्हणून मी ते वेगळं पाठ करायला सांगत नाही.

पाचवी पायरी: वाढणारं भाडं

मावशीचं भाडं मात्र दरवर्षी वाढतं आहे, मग ३६ महिन्यांची एक अ‍ॅन्युइटी चालत नाही. रेघेचे १२ महिन्यांचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या आत भाडं सारखंच आहे. बारा महिन्यांसाठी आगाऊ भाड्याचा गुणक:

```
[1 − 1.006^(−12)] / 0.006 × 1.006 = 11.61408
```

पहिलं वर्ष सोपं: 40,000 × 11.61408 = ४,६४,५६३. हे आजचंच मूल्य.

दुसऱ्या वर्षाचे 44,000 × 11.61408 = ५,११,०२० होतात. पण नीट पाहा, हा आकडा आजचा नाही. गुणकाने तो तुकडा त्याच्या स्वतःच्या सुरुवातीला आणून ठेवला आहे, म्हणजे महिना 12 वर. अजून बारा महिने डावीकडे यायचं आहे, म्हणून 1.0744242 ने भागा: ४,७५,६२२.

तिसऱ्या वर्षाचे 48,400 × 11.61408 = ५,६२,१२२ महिना 24 वर उभे आहेत. दोनदा भागा: ४,८६,९४४.

तिन्हींची बेरीज १४,२७,१२९. आता बेरीज चालते, कारण तिन्ही रकमा आजच्या तारखेवर आहेत. दुसऱ्यांदा डिस्काउंट करायला विसरणं ही इथली ठरलेली चूक. तशी झाली की उत्तर १५.३८ लाखाच्या आसपास येतं, आणि ते काकांच्या बेरजेपेक्षा कमी असल्यामुळे बरोबरच वाटतं. तोंडी तपासा: १५.८९ लाख भागिले १.१०८ म्हणजे १४.३४ लाख. १५.३८ त्यापासून फारच लांब.

तर भाड्याची आजची किंमत १४,२७,१२९ आणि एकरकमी १४,००,०००. ७.२ टक्क्यांच्या हिशेबाने भाडं २७,१२९ रुपयांनी सरस. काका बरोबर निघाले, पण १ लाख ८९ हजारांच्या नाही, सत्तावीस हजारांच्या फरकाने.

दर कोणाचा?

हे उत्तर पूर्णपणे ७.२ वर उभं आहे. दर ९ टक्के, म्हणजे महिना 0.0075 घेऊन पाचवी पायरी पुन्हा करा: बेरीज १३,९०,३२३ येते आणि एकरकमी पुढे जाते. साडेआठ टक्क्यांच्या आसपास दोन्ही सारखे होतात.

मग कुठला दर खरा? बिल्डरचा नाही, मावशीचा. तिचे पैसे ठेवीत पडून राहणार असतील तर ठेवीचा दर. पण तिच्या डोक्यावर ११ टक्क्यांचं कर्ज असेल आणि १४ लाखांतून ते फेडता येणार असेल, तर तिचा दर ११ आहे आणि एकरकमी घेणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट सूत्राला दिसत नाही. आपण छत्तीसही चेक वटतील असं धरलं आहे. काम रखडलं आणि भाडं थांबलं, अशा इमारती मुंबईत शोधाव्या लागत नाहीत. चेक परत गेला तर कायद्यात कलम १३८ आहे, पण खटल्याच्या तारखांनी घरमालकाचं भाडं भरलं जात नाही. ही जोखीम हिशेबात आणण्याचा रूढ मार्ग म्हणजे दर चढवणं. बिल्डर डळमळीत वाटत असेल तर त्याचं भाडं ७.२ ने नव्हे, १२ किंवा १४ ने डिस्काउंट करा. सत्तावीस हजारांची आघाडी टिकणारच नाही. मी मावशीच्या जागी असतो तर आधी त्या बिल्डरच्या दुसऱ्या साइटवरच्या रहिवाशांना फोन केला असता आणि मगच कॅल्क्युलेटर उघडला असता.

उलट गणित आणि एक्सेल

मावशीने १४ लाख घेऊन बँकेत टाकले आणि तीन वर्षं दर महिन्याच्या सुरुवातीला सारखीच रक्कम काढायची ठरवली, शेवटी खातं शून्यावर, तर दरमहा किती? आता PV माहीत आहे आणि C हवा, म्हणून गुणकाने भागा. गुणक 32.29075 × 1.006 = 32.48449.

```
C = 14,00,000 / 32.48449 = 43,097
```

गृहकर्जाचा ईएमआय याच भागाकाराने निघतो, फक्त हप्ता महिनाअखेरीस असल्यामुळे 1.006 चा गुणाकार नसतो. पडताळा घ्यायला एक्सेलमध्ये:

```
=PV(0.006, 36, -40000, 0, 1)
=PMT(0.006, 36, -1400000, 0, 1)
```

शेवटचा 1 म्हणजे "रक्कम सुरुवातीला". तो 0 केला किंवा गाळला तर अखेरची धरली जाते. एक्सेलचं NPV वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ते पहिल्या रकमेलाही एक महिना डिस्काउंट करतं. म्हणून 0 वरचा चेक बाहेर ठेवून नंतर मिळवावा लागतो.

तुम्ही करून पाहा

सोसायटीने मागणी केली: दरमहा चेक नकोत, प्रत्येक वर्षाचं सगळं भाडं त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी द्या. म्हणजे 0 वर ४,८०,०००, महिना 12 वर ५,२८,००० आणि महिना 24 वर ५,८०,८००. दर ७.२ टक्केच. इथे अ‍ॅन्युइटीचं सूत्र लागत नाही, दोन भागाकार पुरतात. उत्तर १४,७४,५५० यायला हवं. भाड्याचा आकडा एका रुपयाने न वाढवता मावशीला ४७,४२१ रुपये जास्त मिळाले, आणि बिल्डर वर्षाच्या मध्येच अडचणीत आला तरी त्या वर्षाचं भाडं तिच्या खात्यात आधीच जमा आहे.